शटरखालचा उजेड

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. कल्याणजवळ मोहन्याला माझं मॅचिंग सेंटर आहे. दहा बाय आठचा गाळा, तीन भिंतींना छतापर्यंत दोऱ्याची रिळं, अस्तरं, लेस, हुक, बटणं. या धंद्यात डोळे उघडे ठेवावेच लागतात. गिऱ्हाईक एका हाताने ब्लाउजपीस दाखवतं, तेव्हा त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघायचं असतं. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणूस दुसऱ्या हातांकडेच जास्त बघायला लागतो.

त्या वर्षी आमच्याकडे लाइट फार जायची. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, कधी मध्येच. गाळा आतल्या बाजूला असल्याने दिवसासुद्धा आत अंधार. मी टॉर्च लावलेला मोबाइल दातात धरून रिळं काढायचे. त्यातच एका नवरीच्या शालूला मी वाइन कलरऐवजी चॉकलेटी दोरा दिला. तिच्या आईने पिको झालेला शालू माझ्या काउंटरवर पसरून चारचौघांत विचारलं, "हे तुमचं मॅचिंग?" मला मान वर करता येईना.

हे सगळं एक मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. टिटवाळ्याला राहणारी, पंचविशीतली. मामाकडे मोहन्याला यायची तेव्हा माझ्याकडे साड्या फॉलला टाकायची. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एलईडी दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती जोडणीचं काम करते, एवढं मला ठाऊक होतं.

"काकू, बारा व्होल्टची बॅटरी आणि एलईडीच्या पट्ट्या लावल्या तर होईल तुमचं काम," ती म्हणाली. "मी करून देते. सामान तुम्हीच घ्या, मला काही नको. माझ्या आईच्या साड्यांचे फॉल करून द्या."

मला काही नको म्हणणाऱ्या माणसाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

"इन्व्हर्टर का नाही?" मी मुद्दाम विचारलं.

"बसवा की. पण तो ठेवणार कुठे? शिवाय तो बॅटरीचे बारा व्होल्ट दोनशेतीस करणार आणि एलईडीचा दिवा ते परत खाली आणणार. त्या ये-जा करण्यात वीज वाया. पट्ट्या सरळ बारावरच चालतात."

मिस्टरांना पटलं. त्यांना कोणाचंही पटतं. मी मात्र अट घातली की, सामान घ्यायला मी बरोबर येणार.

कल्याणला दुकानात तिने आधी कागदावर मांडलं. दोन पट्ट्या मिळून दोन अँपिअर, तीन तास चालवायच्या म्हणजे सहा अँपिअर-तास. "बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली नाही तर जास्त वर्षं टिकते. म्हणून अठराची सीलबंद घेऊ." मी बॅटरीवरची तारीख चष्मा लावून वाचली. दुकानदार हसला. हसू दे. पट्ट्या निवडताना मात्र मला तिचं कौतुक वाटलं, म्हणजे वाटायला लागलं होतं. तिने पर्समधून वाइन आणि चॉकलेटी अशी दोन रिळं काढली. माझ्याच दुकानातून विकत नेलेली. एकेक पट्टी पेटवून ती रिळं खाली धरत गेली. स्वस्त पट्टीखाली दोन्ही सारखीच दिसली. तिसऱ्या पट्टीखाली मला हातभर लांबून फरक कळला.

घरी आल्यावर मी बॅटरीच्या तळाला नेलपॉलिशचा ठिपका दिला. उद्या कोणी बदलली तर कळावी म्हणून. मिस्टरांना सांगितलं नाही.

रविवारी ती आली. काउंटरखाली बॅटरी, तिच्या प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज. "कपड्याचं दुकान आहे काकू. तारा कुठे चिकटल्या तर आधी हा उडायला पाहिजे." तारही तिने मला बरीच जाड वाटेल अशी आणलेली. म्हणाली, बारा व्होल्टला बारीक तार लावली की टोकाची पट्टी मंद पेटते. मग एक चार्जर, सतत लावून ठेवायचा. बॅटरी फार रिकामी झाली की पट्ट्यांची वीज तोडणारा एक छोटा बोर्ड. आणि रिले नावाची काडेपेटीएवढी डबी. मेनची वीज असेपर्यंत ती संपर्क ओढून धरते, वीज गेली की सोडते आणि पट्ट्या बॅटरीला जोडल्या जातात.

दुपारी जेवायच्या वेळी तिचं थोडं काम राहिलं होतं. मला घरी जायचं होतं. मिस्टरांनी दुकानाची किल्ली काढून तिच्या हातात दिली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी तिने चार्जर आणि रिलेचं भिंतीवरचं बटण पाडून दाखवलं. टिक असा आवाज झाला आणि गाळाभर पांढरा उजेड पडला. सोमवारी संध्याकाळी खरंच लाइट गेली तेव्हा बाहेर रस्ता काळा आणि माझं दुकान लख्ख. पाऊण तास गिऱ्हाइकं हलली नाहीत.

मंगळवारी सकाळी पावणेअकराला लाइट गेली. पट्ट्या पेटल्या आणि अर्ध्या तासाच्या आत विझल्या. बुधवारी सकाळी तसंच. संध्याकाळी मात्र तासभर व्यवस्थित.

मी काउंटरखाली वाकून बॅटरी तिरकी केली. नेलपॉलिशचा ठिपका होता. तरी माझं समाधान होईना. ठिपका बघून कोणी तसाच दुसऱ्या बॅटरीवर देऊ शकतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

शुक्रवारी शेजारचे मेडिकलवाले मला म्हणाले, "वहिनी, रात्री दुकानात कोण असतं?"

"कोण असणार? मी नवाला बंद करते."

"मी साडेदहाला शटर ओढतो तेव्हा तुमच्या शटरखालून उजेड येतो. चार दिवस बघतोय. मला वाटलं भाऊ माल लावतात."

मी दुकानात जाऊन रिळांच्या रांगा मोजायला लागले. लेसचे गठ्ठे मोजले. सगळं जागच्या जागी होतं आणि त्याने मला आणखीच भीती वाटली. काही न नेणारा माणूस रात्री माझ्या दुकानात येऊन करतो काय? मग आठवली ती रविवारची किल्ली. तासभर ती तिच्याकडे होती. तासाभरात डुप्लिकेट सहज होते. आमच्याच रस्त्यावर किल्लीवाला बसतो. मी त्याच्याकडे जाऊन विचारून आले. तो म्हणाला, रोज इतके लोक येतात, कोण लक्षात ठेवणार? त्याचं हे उत्तरही मला पढवलेलं वाटलं.

मी तिला फोन लावला.

"किल्लीची कॉपी काढलीस का तू?"

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. "काय?"

"रात्री माझ्या दुकानात उजेड असतो. आणि बॅटरी अर्धा तास चालत नाही. काय समजायचं मी?"

ती मशीनपासून लांब गेली असावी, आवाज कमी झाला. मग म्हणाली, "रविवारी येते. तोपर्यंत कशाला हात लावू नका. आणि काकांना पण थांबायला सांगा. तुम्ही दोघं समोर असल्याशिवाय मी आत येणार नाही."

रविवारी ती दहाला आली. चहा नको म्हणाली. काउंटरखाली बसून चार्जरची वायर सोडवली, मीटर लावलं. "अकरा पॉइंट आठ व्होल्ट. भरलेली असती तर तेराच्या जवळ दिसली असती. बॅटरी जवळजवळ रिकामी आहे." मग चार्जर तपासला. "तेरा पॉइंट आठ. हा बरोबर आहे." ती तशीच खाली बसून माझ्याकडे बघत राहिली. "काकू, दुकान बंद करताना तुम्ही काय काय करता? एकेक सांगा."

"काय करणार? गल्ला आवरते, पंखा-दिवे बंद करते, शटर ओढते, कुलूप लावते, मागे जाऊन मेन पाडते."

"मेन?"

"मागच्या बोळात मीटर आहेत ना सगळ्यांचे. तिथला माझा मेन स्विच रोज बंद करते. कपड्याचं दुकान, रात्री शॉर्टसर्किट झालं म्हणजे?"

"आणि सकाळी?"

"आधी मेन, मग शटर."

ती उठली. मिस्टरांना म्हणाली, "काका, बोळात जाऊन मेन पाडा." मला म्हणाली, "तुम्ही आतच थांबा." आणि तिने शटर खाली ओढलं.

आम्ही दोघी अंधारात उभ्या होतो. बोळात खटका पडला. काउंटरमागे टिक झालं आणि पट्ट्या पेटल्या.

मला कळायला काही क्षण लागले. लाइट गेली काय आणि मी मेन पाडला काय, त्या डबीला दोन्ही एकच. रोज रात्री शटर ओढून मी माझ्याच हाताने लाइट घालवत होते. बंद दुकानात रिळांवर उजेड पडत राहायचा, बॅटरी संपेपर्यंत. सकाळी पाऊण तास चार्ज झाली की तेवढीच अर्धा तास टिकायची. संध्याकाळपर्यंत दिवसभराचं चार्जिंग साठायचं, म्हणून तेव्हा जास्त चालायची.

"माझीपण चूक आहे," ती म्हणाली. "पट्ट्यांच्या लाइनवर वेगळं बटण द्यायला हवं होतं. चार्जर सतत चालू ठेवा म्हटलं, पण तुमचा मेन कुठे आहे ते विचारलंच नाही."

मी शटर वर करायला वाकले आणि शटरलाच म्हटलं, "मी उगाच बोलले तुला."

"हो," ती म्हणाली. एवढंच.

दुपारपर्यंत तिने पट्ट्यांना शटरजवळ बटण बसवलं. मेन आता चालूच ठेवायचा ठरला. दुकानातल्या बाकी सगळ्या लाइनला आतून एक स्विच दिला, म्हणजे रात्री फक्त चार्जर आणि रिलेला वीज. जाताना तिने खरं तेही सांगितलं. सहा-सात वेळा जवळजवळ रिकामी झाल्याने बॅटरीचं आयुष्य थोडं कमी झालंय, वर्षभर लवकर बदलावी लागेल कदाचित. तिच्या आईच्या साड्या मी स्वतःच्या हाताने केल्या, फॉलही आणि पिकोही. ती घेऊन गेली, थँक्यू म्हणाली. पूर्वी ती काउंटरवर कोपर टेकून गप्पा मारायची, तसं काही केलं नाही.

दोन महिन्यांनी मेडिकलवाल्यांनी तिलाच बोलावलं. त्यांच्या फ्रिजला इन्व्हर्टर होता, पण समोरच्या कपाटांना असाच उजेड हवा होता. सामान आणायला निघायच्या आधी ते माझ्या काउंटरवर येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, मुलगी बरी आहे ना? नाही, बॅटरी वगैरे जुनी लावत नाही ना? तारीख बघून घेऊ म्हणतो."

ती चार पावलांवर, त्यांच्या दुकानात टेपने कपाट मोजत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. माझाच संशय दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र माझे कान गरम झाले.

"तारीख बघा, दुकानात सगळ्यांनीच बघावी," मी मोठ्याने म्हटलं. "पण तिच्या कामाबद्दल विचारायचं असेल तर तिलाच विचारा. आणि तुमचा मेन कुठे आहे ते तिला आधी दाखवा."

तिने मोजलेला आकडा कागदावर लिहिला, टेप गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, स्टूल धरता का जरा? हलतंय."

मी गल्ला उघडा टाकून गेले.