शांतवनमामांचे नवे बूट

शांतवन भिंगारदिवे हे नेवाशाचे निवृत्त पोस्टमन. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दर शनिवारी त्यांची सून रूथ त्यांच्या चालण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मला नगरला पाठवते. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. माझी अट एवढीच, की ओटा तोच हवा, चप्पल तीच हवी आणि मोबाईल त्याच उंचीवर धरायचा. नाहीतर मी तुलना काय कपाळ करणार?

दुसऱ्या आठवड्यात मामा डावा पाय टेकला की चटका बसल्यासारखा उचलायचे. पाचव्यात दोन्ही पाय जवळपास सारखाच वेळ टेकत होते. सहाव्याचा व्हिडिओ उघडला आणि मी हबकले, मामा पुन्हा लंगडत होते! व्हिडिओ हळू करून पाहिला, तर डावा पाय निवांत टेकत होता. घाईने उचलला जात होता तो उजवा. मग त्या पायातला चकचकीत काळा बूट दिसला.

मी तडक फोन लावला. "मामा, बूट चावतोय ना? चप्पल कुठंय?"

"मॅडम, पस्तीस वरसं चपलेवर टपाल वाटलं. आता नीट चालतोय, तर म्हनलं, तुमाला जरा झोकात दाखवावं."

"आधी चप्पल घाला!" मी ओरडले.

तासाभरात नवा व्हिडिओ आला. पायात जुनी चप्पल होती आणि चाल पाचव्या आठवड्याहून सरस होती. बूट मात्र मामांनी ओट्याच्या कडेला, बरोबर कॅमेऱ्यात येतील असे मांडून ठेवले होते.