रुपाताईचा उजवा हात

डिंपलचं काम तसं कोणाच्या नजरेत भरण्यासारखं नव्हतंच. साकोलीकडच्या एका आरोग्य केंद्रात ती फोन घेऊन बसायची. गावोगावच्या आशा सेविकांचे, म्हणजे आशाताईंचे निरोप वाचायचे आणि गाडी कुठं पाठवायची ते ड्रायव्हर घनश्यामभाऊंना सांगायचं. पण राजेहो, ते निरोप वाचून दाखवा एकदा! डोकं धरून बसाल.

सगळ्यात भयंकर रुपाताई. आशाताई म्हणून लोहारा आणि कोहारा, दोन्ही गावं तिच्याकडं. नवऱ्याच्या गाडीवर मागं बसायची, डाव्या हातानं मागची दांडी घट्ट धरायची आणि उजव्या अंगठ्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची. गाडी खड्ड्यात गेली की अक्षर शेजारच्या घरात. डिंपल आधी वैतागायची. मग तिच्या ध्यानात आलं, की बाईच्या चुकांनाही वळण आहे. उजवा अंगठा कीबोर्डच्या डावीकडच्या टोकापर्यंत पोचतच नाही, अलीकडंच पडतो. म्हणून ‘ए’च्या जागी शेजारचा ‘एस’, ‘एस’च्या जागी ‘डी’. उजवीकडची अक्षरं मात्र जागच्या जागी. एवढं कळलं आणि निरोप सरळ झाले.

“तुले कसं गं समजते माह्यं?” रुपाताई विचारायची.

“तुमचा अंगठाच सांगते ना मले,” डिंपल हसायची.

त्या दिवशी दुपारी डबा उघडलाच होता, तोच निरोप आला: ‘गाडी ओअठवा कोहारा कवकर.’ गाडी पाठवा, कोहारा, लवकर. त्यात काय कळायचं होतं? घास तसाच ठेवून डिंपलनं खिडकीतून हाक दिली, “घनश्यामभाऊ, कोहाऱ्याले!” कोहाऱ्यात एक बाई गरोदर होती, पण तिला अजून महिनाभर अवकाश होता. लोहाऱ्यात रीता मात्र नववा महिना घेऊन बसली होती. पण निरोपात गाव तर सरळ लिहिलेलं होतं. घनश्यामभाऊंनी चावी फिरवली.

डिंपलनं पुन्हा फोनकडं पाहिलं. ‘गाडी’तले ‘ए’ जागेवर. ‘कोहारा’तलेही जागेवर. रुपाताईचे ‘ए’ इतके शहाणे कधीपासून झाले? बिघडलं होतं ते दुसऱ्याच टोकाला. ‘पाठवा’चा ‘पी’ घसरून शेजारच्या ‘ओ’वर, ‘लवकर’चा ‘एल’ शेजारच्या ‘के’वर. अगं बाई, हा उजवा अंगठा नाहीच! हा डावा आहे, त्याला उजवं टोक लांब पडतं. मग ‘लवकर’चा ‘एल’ घसरला, तसा गावाच्या नावाचाही घसरला असेल तर? दिवस तर लोहाऱ्यातल्या रीताचे भरलेत!

तिनं रुपाताईला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. त्या बाजूला नेटवर्कच तसं, निरोप कसाबसा निसटतो, बोलणं होत नाही.

आणि उजवा हात कुठं आहे रुपाताईचा? हे डिंपलला कोणी सांगायला नको होतं. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात, ऑटोत कळा सोसताना, रुपाताईनं आपला उजवा हात तिच्या मुठीत दिला होता आणि डाव्यानं निरोप लिहीत होती. “दाब वं, जोरानं दाब,” म्हणत होती. आत्ता तो हात दुसऱ्या कोणाच्या मुठीत होता. म्हणजे वेळ थोडा होता.

ती धावत फाटकाशी गेली. गाडी रस्त्याला लागत होती. तिनं पत्र्यावर थाप मारली.

“लोहाऱ्याले जा, भाऊ! कोहाऱ्याले नाही.”

“आत्ताच तर कोहारा म्हणत होत्या? दोन्हीकडचे रस्ते उलटे आहेत बाप्पा. पक्कं आहे का?”

डिंपलनं मनात हिशेब केला. चुकलं तर एक बाई वाटेवर राहील, आणि बोल आपल्यालाच लागेल. “पक्कं आहे,” ती म्हणाली. “रुपाताईचा हात अडकला आहे. माह्यं ऐका.” घनश्यामभाऊंनी गाडी वळवली.

मग ती बसली, ती बसूनच राहिली. डबा तसाच. कोहाऱ्यात तर कोणी वाट पाहत नसेल ना? मी नको तो शहाणपणा तर केला नाही ना? रडायला येत होतं, आणि समोर गोळ्यांसाठी रांग लागली होती, म्हणून रडताही येत नव्हतं.

पुढचं तिला नंतर कळलं. घरापर्यंत गाडी येत नाही म्हणून रुपाताई रीताला धरून धानाच्या बांधावरून चालत लोहाऱ्याच्या फाट्याशी आली होती. दोघी उभ्या राहतात न राहतात, तोच घनश्यामभाऊंची गाडी पोचली आणि त्यांना घेऊन थेट साकोलीच्या मोठ्या दवाखान्याकडं निघाली. पण डिंपलच्या हातात तेव्हा नुसता मुका फोन होता.

रांग संपली आणि फोन थरथरला. रुपाताईचा निरोप. वाचायच्या आधीच डिंपलची नजर अक्षरांवर गेली. ‘पी’ जागेवर, ‘एल’ जागेवर आणि एकूण एक ‘ए’चा ‘एस’ झालेला.

तिनं पदर तोंडाला लावला. रुपाताईचा उजवा हात मोकळा झाला होता.

मग तिनं अक्षरं सरळ केली. रीताला मुलगी झाली होती. मायलेकी दोघी चांगल्या होत्या.