पाणपोई चालू असेतो

कुंभकोणमच्या एका मठात मराठ्यांच्या राजवटीतले मोडी कागद गोण्यांत भरून पडले होते. पन्नास-पंचावन्नच्या काळात त्यांची यादी करायचं ठरलं आणि मोडी वाचता येणारे आम्ही दोघे कामाला लागलो. मी आणि माझा आत्तेभाऊ. तो माझ्याहून धाकटा. आमच्यावर एक वृद्ध शास्त्री होते, सगळी मराठी घरं त्यांना मामा म्हणायची.

नियम एकच. कागद वीतभर असो की चार हात लांब, यादीत त्याचं एकच वाक्य.

मला ते जमायचं नाही. पदव्या सोडल्या तर महाराज रागावतील, चतुःसीमा सोडल्या तर जमीन हरवेल, साक्षीदार सोडले तर त्यांची पोरंबाळं भांडायला येतील, असं वाटायचं. माझ्या वाक्यात चार ‘आणि’ असत. मामा म्हणायचे, "ही काय आगगाडी आहे रे? डबे सोड, एंजिन ठेव!"

भाऊ कागद एकदा वाचायचा, पाटीवर वाक्य लिहायचा आणि ओल्या बोटानं एकेक शब्द पुसत जायचा. कागद महाग, म्हणून कच्चं काम पाटीवर. शेवटी जे उरे त्यात काही कमी नसे.

"कसं कळतं रे तुला, काय सोडायचं ते?" मी एकदा विचारलं.

"अण्णा, घरी गेल्यावर आई विचारते, आज कागदात काय होतं? तिला जे सांगीन तेच लिहितो."

इतकं सोपं! त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

काम संपत आलं तेव्हा मठानं एकालाच कायम ठेवायचं ठरवलं. मामांनी दोघांना एकच कागद दिला. पट्टीश्वरमच्या वाटेवरची नारळीची बाग एका विधवा कोष्टिणीला इनाम दिल्याचा. वर महाराजांच्या पदव्या, मग चारी बाजूंच्या सीमा, हरकत करणाऱ्याला गोहत्येचं पातक, साक्षी, मोर्तब. आणि मधे कुठेतरी, तिनं वाटसरूंसाठी पाणपोई चालवावी, ती चालेल तोवर बाग तिची.

माझ्या वाक्यात ही अट आली, पण पूर्वेचा ओढाही आला. भावाच्या पाटीवर होतं: ‘पट्टीश्वरमच्या वाटेवरील नारळीची बाग, तेथली पाणपोई चालू असेतो, विधवा कोष्टिणीस महाराजांनी इनाम दिली.’

मी ते तीनदा वाचलं. त्यात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणूनच मी काढलं.

अक्षर माझं चांगलं, तेव्हा दोघांची वाक्यं पक्की उतरवायचं काम माझ्याकडे. उतरवताना मधले चार शब्द गाळले आणि पाटी पुसून टाकली. वाक्य कुठे मोडलं नाही. उलट आणखी सुबक दिसायला लागलं. नोकरीची गरज मला होती, पण गरजेपायी केलं असं आज म्हटलं तर ते खोटं होईल.

मामांनी भिंग लावून वाचलं. "सुरेख! पण अट कुठाय रे? हिला बाग काय फुकट मिळाली? पाणपोई बंद पडली की बाग सरकारात परत. ते काढलंस तर कागद दुसराच झाला की!"

भावानं पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी. मग आपल्या बोटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पुसता पुसता तेही पुसलं असेल, मामा. चुकलंच माझं."

"याच्या वाक्यात ओढा आहे," मामा माझ्याकडे हात करून म्हणाले, "पण ओढा मला काढता येतो. नसलेली अट कोण घालणार?"

जागा मला मिळाली. भाऊ तिरुविडैमरुदूरला भाताच्या गिरणीत कारकून झाला.

तेव्हापासून त्याला काही थोडक्यात सांगता येत नाही. घरी आला की कुठल्या बसनं निघालो, शेजारी कोण बसलं, उतरताना काय बोललं, सगळं सांगतो. काही राहील अशी धास्ती घेतल्यासारखा. माझी बायको पदरात तोंड लपवून हसते. मी उठून परसात जातो.

गेल्या महिन्यात तो आला होता. ओसरीवर दोघेच होतो. मी म्हणालो, "त्या दिवशी अट मी गाळली होती, तू नव्हे."

 तो हळूच म्हणाला, "का गाळलीस, ते सांगायचं सोडलंस, अण्णा."

इतक्या वर्षांनीही त्याला लगेच दिसलं. आणि खरं सांगतो, तेव्हाही मी त्याच्यावर तसाच जळलो. मग मी जे सांगितलं त्यात किती ‘आणि’ आले ते मोजले नाहीत. त्यानं मधे कुठे थांबवलं नाही.