भाव लिहिलेली नोकरी

त्या वर्षी आमच्या घरात कापूस पुढच्या खोलीत पडून होता आणि मी मधल्या. बाबांना भाव वाढायची वाट बघायची होती, मला नोकरीची. बाप-लेकीचा माल विकल्याच जात नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात?

पुण्यात ज्या कंपनीत दोन वर्षं प्रोग्रामिंग केलं, तिने एका सकाळी अर्ध्या लोकांना घरी बसवलं. मी गाठोडं बांधून धामणगाव बढ्याला आले. तीन महिने अर्जांवर अर्ज. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, आधी पगार किती होता? स्वतःचा आकडा सांगायला मात्र कुणाच्याच तोंडात जीभ नाही. चिखलीच्या एका कॉम्प्युटर क्लासने शिकवायची जागा होळीपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली होती. वाईट काम नव्हतं ते. पण एकदा तिथे टायपिंग शिकवायला बसले की प्रोग्रामिंग सुटलं, हे मला कळत होतं.

डेव्हलपर लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, हजारो माणसं असतील. त्यातल्या नोकऱ्यांच्या चॅनलचा नियम कडक. पगाराचा आकडा नसलेली पोस्ट तिथले व्यवस्थापक काढून टाकतात. एका दुपारी तिथे एक पोस्ट आली. एक जागा, काम पूर्ण घरून. टीम सहा जणांची, त्यात इंजिनियर चार. बॅकएंड पायथन आणि जँगोमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस, थोडं रिअ‍ॅक्ट यावं. पगार वर्षाला बारा ते सोळा लाख. मुलाखतीच्या चार पायऱ्या, अर्ध्या तासाच्या गप्पा, घरी करायचं चार तासांचं छोटं काम, त्याच कोडवर सोबत बसून दीड तास, आणि शेवटी सगळ्या टीमशी भेट. नाही म्हणायचं असेल तरी उत्तर देऊ, असंही लिहिलेलं. खाली कुणीतरी विचारलं होतं, लहान गावातून काम केलं तर पगार कापणार का? पोस्ट टाकणाऱ्या बाईंचं उत्तर होतं, नाही, गाव कोणतंही असो, पगाराचा पट्टा हाच.

मी ते जेवताना वाचून दाखवलं. बाबा हसले. म्हणाले, "लिहाले काय लागते? बीटी बियाण्याच्या पाकिटावर लिहेल असते, बोंडअळी येत नाही. आली ना गुलाबी? जिनिंगवर भाव लिहेल असते, आन गाडी आत गेली का कट्टी चालू, भाव कापतेच. वलावा आहे, धागा बारीक आहे. मले तर आजपर्यंत लिहेला भाव भेटला नाही."

मी त्यांचीच लेक. अर्जात प्रश्न होता, काम कुठून करणार? मी खुशाल पुणे लिहून दिलं. गाव लिहिलं असतं तर गाडी आत गेल्यावर कट्टी लागलीच असती, अशी माझी खात्री होती. हुशारी केली असं वाटलं.

पहिली पायरी निघाली. चार तासांचं काम चार तासांतच केलं, रात्र घालवून नटवलं नाही. तिसऱ्या पायरीच्या दिवशी सकाळी अकराला बसायचं होतं आणि पावणेअकराला लाइट गेली. राउटर बंद. मोबाइलची रेंज आमच्या घरात एकाच ठिकाणी धड येते, पुढच्या खोलीच्या खिडकीजवळ. म्हणजे कापसात. पोत्यावर लॅपटॉप, फोनवरून नेट, आणि पाठीमागे छतापर्यंत कापूस. पाठीमागचं दृश्य धूसर करायची सोय असते, पण तेवढं करत बसले तर नेटच लटकायचं, म्हणून ते राहिलं.

समोर पोस्ट लिहिणाऱ्याच बाई, टीमच्या प्रमुख. आवाज शांत. त्यांनी माझ्या कोडमध्ये ऑर्डरींची यादी उघडायला लावली. हजार ऑर्डरी घातल्यावर पान रखडायला लागलं. मी पाहिलं तर प्रत्येक ऑर्डरीसोबत गिऱ्हाइकाचं नाव आणायला कोड डेटाबेसकडे वेगळी फेरी मारत होता. म्हणजे मीठ आणायला एकदा दुकानात, हळद आणायला पुन्हा दुकानात. सगळं एकाच फेरीत येईल असं करून दिलं, आकडे मोजून दाखवले, पान झटकन उघडलं. जीव भांड्यात पडणार तेवढ्यात मान खाजायला लागली. घरात कापूस ठेवणाऱ्याला ही खाज माहीत आहे. मी मान खाजवली, मग हात, मग पुन्हा मान.

बाई थांबल्या. तोवर सगळं इंग्रजीत चाललं होतं. मराठीत म्हणाल्या, "मागे कापूस आहे का? पुण्यात?"

आता काय बोलणार? आमचं गाव सांगितलं, बाबांचा कापूस सांगितला, आणि अर्जात खोटं लिहिलं तेही सांगितलं. गावाचं कळलं तर पगार कापाल असं वाटलं, म्हटलं.

"मी खाली उत्तर दिलं होतं. वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं. विश्वास नाही बसला."

त्यांनी माझा अर्ज उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "तुझं काम मला आवडलं, खोटं आवडलं नाही. अर्ज दुरुस्त करून पाठव, टीमला हे मी सांगणार आहे." बस्, एवढंच. कॉल बंद झाल्यावर मी त्या कापसात बसून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. लाइट वीस मिनिटांनी आली, सटवी.

अर्ज दुरुस्त करून पाठवला. दोन दिवस काही नाही. चिखलीवाल्यांचा फोन येऊन गेला, येतेस का नाही ते सांग म्हणून. तिसऱ्या दिवशी चौथ्या पायरीचं बोलावणं आलं. सहाही जण समोर. त्यांना कापसापेक्षा लाइटीची काळजी. मी लपवलं नाही. लाइट जाते, राउटरला बॅटरी घेईन, दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवीन, कधी अडले तर आधी कळवीन, असं सांगितलं. त्या दिवशी मान खाजली तर उघड खाजवली. किती हलकं वाटलं काय सांगू!

आठवड्याने ऑफर लेटर आलं. पगार वर्षाला चौदा लाख, कामाची जागा धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा. एवढ्या मोठ्या आकड्याशेजारी आपलं गाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आईला मिठी मारली, तिचं पीठ माझ्या ड्रेसला. चिखलीला फोन करून नाही म्हटलं.

बाबा मात्र हरखले नाहीत. ओसरीत बसले, चष्मा लावला आणि मला आधी पोस्ट वाचायला लावली. मग पत्र. मग पुन्हा पोस्टमधली पगाराची ओळ. मोबाइल एका हातात, लॅपटॉप मांडीवर, मी आपली वाचतेय. टॅक्स अन् पीएफ जाईल, तेही सांगून टाकलं. तो साऱ्यांचाच जाते, म्हणाले. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"गावाची कट्टी किती?"

"नाही बाबा. काहीच नाही."

"बारा ते सोळा लिहेल होतं, आन चौदा भेटले?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. पुढच्या खोलीतल्या त्या ढिगाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आपल्या घरचा माल एकडाव तरी लिहेल्या भावात गेला."

मला रडू आलं. ते म्हणाले, काऊन रडतं, अन् ती ओळ अजून एकदा वाच. मी वाचली.