न घेतलेल्या सायकलीची सही

उत्तम रामचंद्र खानविलकर (१९४४–२०११), राहणार भाईंदर पूर्व, गोडदेव, हे निवृत्तीनंतर नेमस्त आयुष्य जगले. अपवाद एकच. २००८ साली त्यांनी इंटरनेटवरून व्यायामाची सायकल मागवली आणि कार्डावर पैसे आगाऊ भरले.

पत्नी नीलिमाताई घरी कपडे शिवत. शिलाई मशीनला मोटर बसवण्यासाठी जमवलेल्या रकमेतूनच कार्डाचे बिल भरावे लागणार होते. शिवाय एका खोलीच्या घरात सायकल ठेवायला जागा मशीनचीच होती.

"अहो, मी मशीन कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

उत्तमरावांनी लगेच कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, माल निघाला आहे, आता ऑर्डर रद्द होणार नाही, दारावर नाकारा. खोके न उघडता गोदामात परत आले की पाठवणीचा खर्च वजा करून पैसे कार्डावर जमा होतील.

दुसऱ्या दिवशी कुरियरवाला बबन खोके खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. इमारतीला लिफ्ट नव्हती.

"नको आहे," उत्तमराव म्हणाले, आणि त्याला चहा दिला.

"मग इथे 'नाकारले' लिहा, काका, आणि सही करा."

"वस्तू घेतलीच नाही, तर सही कशाची?"

"न घेतल्याची."

"सही म्हणजे पोच. चाळीस वर्षे नोकरीत हेच पाहिले. मी करणार नाही."

"सहीशिवाय नाकारले लिहिलं, तर साहेब म्हणतो, बबन जिना न चढताच लिहितो."

बबनने चहा संपवला, 'ग्राहक घरी नाही' असा शेरा मारला आणि खोके घेऊन उतरला.

"मी समोर उभा आहे!" उत्तमराव जिन्यावरून ओरडले.

"कागदावर नाही!" खालून उत्तर आले.

घरी नसलेल्या ग्राहकाकडे माल पुन्हा पाठवतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तेच खोके, तोच बबन, तोच चहा. उत्तमरावांचा तोच नकार आणि तोच शेरा. त्या दिवशी बबनने बिस्किटेही मागितली.

तिसऱ्या दिवशी नीलिमाताई तोंडात टाचण्या धरून दारात आल्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "अहो, हा रोज सायकल घेऊन जिना चढतो. व्यायाम याचाच चाललाय. आणि माझी मोटर खोक्यात अडकलीय. सही करा."

उत्तमरावांनी पट्टी मागवली. बबनच्या कागदावरच्या 'माल मिळाला' या छापील शब्दांवर दोन सरळ रेघा मारल्या, 'न उघडता नाकारले' असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. बबनने खोके उचलले.

माल गोदामात पोचला, खोके तपासले गेले आणि काही आठवड्यांनी पाठवणीचे साडेतीनशे वजा होऊन उरलेली रक्कम कार्डावर जमा झाली. मोटर आली.

ते साडेतीनशे उत्तमराव नीलिमाताईंचे देणे लागत होते. मागितले की म्हणत, "देतो. पण मिळाल्याची सही करशील ना?" नीलिमाताईंनी ती कधीच केली नाही.