लॅपटॉपमधला फुकटचा पहारेकरी

मी चौथी पास. वागळे इस्टेटमध्ये उभा जन्म लेथ मशीनवर काढला. मशीन बिघडलं की आधी मेन स्विच पाडायचा, मग आत हात घालायचा. कोणाला विचारत बसायची सवय मला कधी लागली नाही.

मुलगी सासर सोडून कोपरला आमच्याकडे आली आणि लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला लागली. अभ्यासासाठी मी तिला नवीन लॅपटॉप घेऊन दिला. त्यात व्हायरसपासून राखण करणारं सॉफ्टवेअर आधीपासूनच होतं. पहिला महिना फुकट, पण सुरू करताना कार्ड मागितलं. तिचं बँकेत खातं नव्हतं, म्हणून माझं कार्ड दिलं, ओटीपीही मीच वाचून दाखवला.

महिना भरत आला तशी ती म्हणाली, "बाबा, हे बंद करायला हवं. नाहीतर वर्षाचे पैसे आपोआप कापतील. मी रविवारी बघते."

तिची परीक्षा तोंडावर आलेली. म्हटलं, एवढं तर मी करतो. शेजाऱ्यानं दाखवलेलं आठवून मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. पडद्यावरचं चिन्ह गेलं. मेन स्विच पडला, आता मीटर कुठला फिरणार? तिला सांगितलं, काम झालं. तिनं विश्वास ठेवला.

दोन दिवसांनी बँकेचा मेसेज आला, इंग्रजीत. त्यातला आकडा कळला, बाकी काही नाही. समोर मुलगी बसलेली होती. तिला विचारायला जीभ रेटेना. मी तो मेसेज पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी पैसे कापले गेले. त्याच खात्यात तिच्या परीक्षेची फी बाजूला ठेवलेली होती आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा तोच शेवटचा दिवस होता. तिनं पेमेंट केलं, झालं नाही. पुन्हा केलं, तेव्हा शिल्लक बघितली. पैसे उसने आणायला मी खाली गेलो. परत येईपर्यंत फॉर्मची मुदत संपलेली.

मग तिनं त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन केलं, तेव्हा कळलं. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते, ती तिथूनच बंद करावी लागते. आपोआप पैसे कापायची सोय तिनं बंद केली आणि परताव्यासाठी अर्ज केला.

नंतर माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पैसे कापायच्या आधी बँक मेसेज पाठवते. आला नव्हता?"

"नाही," मी म्हणालो.

परतावा आठवड्यानं आला. तोवर कॉलेजनं सांगून टाकलेलं की आता पुढच्या वर्षी बसा. वर्षभर घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. टेंभी नाक्याजवळच्या कापडाच्या दुकानात ती कामाला लागली, आणि पहिल्या पगाराआधी तिनं बँकेत स्वतःचं खातं उघडलं. कार्ड आलं तेव्हा मी बघायला मागितलं.

"काय बघायचंय त्यात," म्हणून तिनं ते पर्समध्ये टाकलं.

परीक्षेचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीही नाही.