कंट्रोल-ए आणि मायनस अठरा

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मासळीच्या शीतगृहासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. आतलं तापमान मायनस अठराच्या वर चढलं की भोंगा वाजायला हवा, एवढं त्याचं मुख्य काम. मी रोज लांज्याहून एसटीने यायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे.

चांगलं मशीन एकच होतं, आणि त्यावर मी आणि भाई आळीपाळीने बसायचो. भाई म्हणजे आखातात पंधरा वर्षं युनिक्सवर काम करून परत आलेले, वडिलांच्या वयाचे गृहस्थ. तिकडे अपघातात त्यांचा उजवा खांदा कायमचा अधू झाला होता आणि माउस धरला की कळ यायची. साहेबांनी त्यांना महिनाभर बघू म्हणून घेतलं होतं. दुसरीकडे कुठे त्यांना कोणी उभं केलं नसतं, हे तेही जाणून होते.

माउस नको म्हणून त्यांनी आमच्या एडिटरमध्ये व्हिमचं, म्हणजे युनिक्सवरच्या निव्वळ कीबोर्डने चालणाऱ्या एडिटरचं, प्लगइन चढवलं होतं. ते चालू असलं की कीबोर्डचा स्वभावच बदलतो. साध्या मोडमध्ये अक्षरं म्हणजे हुकूम: 'जे' दाबलं की कर्सर खाली, 'के' दाबलं की वर, दोनदा 'डी' दाबलं की अख्खी ओळ गायब. काही लिहायचं तर आधी 'आय' दाबून इन्सर्ट मोडमध्ये जायचं आणि लिहून झालं की एस्केप दाबून बाहेर यायचं. भाई हे इतक्या सहज करायचे की बघत राहावं. मी मात्र त्यांची थट्टा करायचे, की भाई, तुमच्याकडे एक अक्षर उमटवायलाही परवानगी काढावी लागते. ते नुसते हसायचे.

एका दुपारी ते नमाजाला गेले आणि मी घाईघाईने मशीनवर बसले. अख्खी फाइल कॉपी करून मेलमध्ये टाकायची होती. कंट्रोल-ए दाबलं, पण पान निळं होईना. पुन्हा दाबलं, पुन्हा एकदा जोरात दाबलं. मग वैतागून सेटिंगमध्ये जाऊन व्हिम बंद केलं, काम उरकलं, सवयीने सेव्ह केलं आणि उठले.

दोन दिवसांनी शीतगृहात चाचणी झाली. तापमान मायनस सोळावर आलं तरी भोंगा गप्प. साहेबांनी फाइल उघडली, तर मर्यादेच्या जागी मायनस पंधरा. ती ओळ भाईंनी लिहिलेली. साहेबांनी त्यांना माझ्यासमोरच विचारलं. भाई क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिले आणि तपासायला हवं होतं, एवढंच म्हणाले. शनिवारी महिना भरतोय, तेव्हा थांबू या, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. तेवढा आकडा नीट करायचं काम माझ्याकडे आलं.

भाईंनी व्हिम पुन्हा चालू करून ठेवलं होतं, म्हणून मी 'आय' दाबून आकडा दुरुस्त केला, एस्केप दाबून सेव्ह केला आणि आता सगळी फाइल साहेबांना पाठवावी म्हणून सवयीने कंट्रोल-ए दाबलं. कर्सर त्याच ओळीवर होता. माझ्या डोळ्यांदेखत मायनस अठराचं मायनस सतरा झालं. व्हिमच्या साध्या मोडमध्ये ते बटण सगळं निवडत नाही, कर्सरजवळच्या आकड्यात एक मिळवतं. आणि त्या दुपारी, भाई याच ओळीवर कर्सर सोडून गेलेले असताना, मी ते तीनदा दाबलं होतं.

खोलीत कोणी नव्हतं. एकदा 'यू' दाबून ते मागे घेतलं असतं तर सतराचं पुन्हा अठरा झालं असतं आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पाच मिनिटं मी तशीच बसून राहिले, हे कबूल करायला आजही लाज वाटते. मग साहेबांना हाक मारली आणि आकडा पुन्हा अठरावर आणून त्यांच्यासमोर तीनदा दाबून दाखवलं. ते माझ्यावर चिडले, आणि ते बरोबरच होतं. भाईंना थांबवायची भाषा मात्र पुन्हा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाईंनी सेटिंगमधली ती यादी उघडली, जिथे कुठला शॉर्टकट व्हिमचा आणि कुठला एडिटरचा हे ठरवता येतं. कंट्रोल-ए, सी आणि व्ही त्यांनी माझ्यासाठी एडिटरला देऊन टाकले. बाकीचं त्यांचं. तेव्हा मला एकदम उमगलं, की ते बटण काय करतं हे आमच्या ऑफिसात या एकाच माणसाला ठाऊक होतं.

"भाई, तुम्ही पंधरा बघितल्याबरोबर ओळखलं होतंत?"

"हो. तीनदा दाबलंस."

"मग साहेबांसमोर गप्प का बसलात?"

यादीवरची नजर न काढता ते म्हणाले, "अगो, मी सांगितलं असतं तर दोन दिवसांत तुला घरी बसवलं असतं. माझा निदान महिना भरत आला होता."